डेअरीचं सर्व्हर बंद पडलं: केंद्रचालकांना खुलासा कसा लिहायचा?

प्रश्न: आमचं दूध संकलन केंद्रांसाठीचं अ‍ॅप आहे, 340 केंद्रं वापरतात. आज 20 तारखेला सकाळी 5:50 ला डेटाबेस बंद पडला, 9:25 ला डिस्क वाढवून चालू केला. 200 जीबीच्या डिस्कवर 118 जीबी `pg_wal` नेच खाल्ले होते. रिपोर्टसाठी जोडलेला दुसरा सर्व्हर 27 दिवसांपूर्वी काढला, त्याचा रिप्लिकेशन स्लॉट मागे राहिला असं वाटतंय. बंदच्या वेळेतल्या नोंदी केंद्रांच्या मोबाइलमध्ये साठल्यात, हळूहळू वर येतायत. दहा दिवसांचं बिल उद्या काढायचंय. भागीदार म्हणतो, "तांत्रिक अडचण" एवढंच लिही, खरं कारण सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल. आता दुपारचे दोन वाजलेत. कारण किती सांगू, कधी ठीक होईल म्हणून लिहू, माफी कशी मागू?

उत्तर:

खुलासा चार वाजेपर्यंत गेला तरी चालेल. पण एक ओळ आत्ता, हे वाचता वाचता पाठवा: "अ‍ॅप काढून टाकू नका, लॉगआउट करू नका, सेटिंगमध्ये जाऊन डेटा क्लिअर करू नका. सकाळच्या नोंदी तुमच्या मोबाइलमध्येच आहेत."

अ‍ॅप अडलं की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ते काढून परत टाकतो. तुमच्याच मदत क्रमांकावर बसलेला मुलगा एरवी हेच सांगत असणार. आज ते केलं तर फोनमध्ये थांबलेल्या नोंदी कायमच्या जातील आणि त्या गेल्याचं तुमच्या सर्व्हरला कळणारही नाही, कारण त्या तिथे कधी पोहोचल्याच नव्हत्या. म्हणजे सकाळी नोंदी उशिरा पोहोचण्याचा प्रश्न होता, तो दुपारी नोंदी बुडण्याचा होऊन बसेल. म्हणून मदत क्रमांकावरच्या सगळ्यांना आधी उभं राहून सांगा, मग केंद्रांना कळवा.

पाठवताना दोन अडचणी येतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 च लोक बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो संदेश पोहोचतो. 340 केंद्रांसाठी दोन याद्या लागतील आणि तरीही काही जण सुटतील. एसएमएस पाठवायचा तर त्याचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर आधी मंजूर झालेला हवा, आयत्या वेळी नवा मजकूर जात नाही. तुमच्याकडे "सेवा बंद आहे" असा मंजूर नमुना नसेल तर आज तो मार्ग बंद आहे असंच धरा आणि उरलेल्या केंद्रांना फोन लावा. साठ-सत्तर फोन तीन माणसांत तासाभरात होतात.

आता खुलाशाकडे येऊ.

तुमचा भागीदार म्हणतो ते मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय, आणि त्याची भीती अगदीच पोकळ नाही. पण केंद्रचालकाच्या जागी उभं राहून बघा. पहाटे सहाला त्याच्या दारात किटल्या घेऊन चाळीस माणसं उभी होती. फॅट लागली, डिग्री लागली, पण पावती निघेना. त्याने वहीत लिहून घेतलं आणि लोकांची बोलणी खाल्ली. आता त्याच्या डोक्यात तीनच प्रश्न आहेत: सकाळच्या नोंदी आहेत का गेल्या, संध्याकाळी परत असंच होणार का, आणि उद्या बिल निघणार का. "तांत्रिक अडचण" या शब्दांत तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. मग उत्तर तो स्वतः तयार करतो, किंवा शेजारचा केंद्रवाला त्याला देतो. ते उत्तर बहुतेक वेळा "कंपनी बुडाली" नाहीतर "डेटा उडाला" असंच असतं.

कारण सांगायचं ते दुसऱ्या प्रश्नासाठी, परत होणार का यासाठी. त्यामुळे किती सांगायचं हे मोजायचं मापही तेच. तुमचं कारण वाचून केंद्रचालकाला कळलं पाहिजे की ही चूक एका ठिकाणची होती, ते ठिकाण सापडलंय आणि आज संध्याकाळी ते परत आडवं येणार नाही. त्यापुढचा तपशील त्याच्या कामाचा नाही.

पण कारण लिहिण्याआधी ते खरं आहे का हे बघा. "वाटतंय" हा शब्द तुमच्या प्रश्नात आहे, तो खुलाशात जाता कामा नये. स्लॉट अजून काढला नसेल तर काढण्याआधी हे चालवा आणि जे दिसेल ते जपून ठेवा. एकदा स्लॉट काढला की पुरावाही गेला.

```sql
SELECT slot_name, active,
       pg_size_pretty(
         pg_wal_lsn_diff(pg_current_wal_lsn(), restart_lsn)
       ) AS held
FROM pg_replication_slots;
```

`active` खाली `f` आणि `held` खाली 118 जीबीच्या आसपास आकडा दिसला तर तुमचा संशय बरोबर. दुसऱ्या बाजूनेही ताळा करा. 118 जीबी भागिले 27 दिवस म्हणजे दिवसाला साधारण 4.4 जीबी. तुमचा डेटाबेस एरवी दिवसाला एवढा लॉग लिहितो का? `pg_wal` मध्ये कालच्या तारखेच्या किती फायली आहेत ते मोजा, प्रत्येकी 16 एमबी धरून दिवसाचा अंदाज बांधा. तो तीन ते सहा जीबीत बसला तर हिशोब जुळला. रोजचा लॉग अर्धाच जीबी निघाला तर मात्र थांबा. मग आणखी काहीतरी लॉग फुगवत होतं, आणि स्लॉट हेच कारण म्हणून लिहिलंत तर आठवड्याभरात दुसरा खुलासा लिहावा लागेल. तो दुसरा खुलासा कोणी वाचत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो, त्याच्या 16 एमबीच्या फायली `pg_wal` मध्ये पडतात आणि काम झालं की पुसल्या किंवा पुन्हा वापरल्या जातात. दुसरा सर्व्हर स्लॉटने जोडला असेल तर त्याने वाचून झाल्याशिवाय त्या फायली हलत नाहीत. तो सर्व्हर नुसता बंद केला आणि स्लॉट तसाच ठेवला तर मुख्य सर्व्हर त्याची वाट बघत बसतो. भाडेकरू घर सोडून गेला, पण त्याचं टपाल घेऊन ठेवायला कोणीतरी सांगून ठेवलेलं, तसं. शेवटी डिस्क भरते, लॉग लिहायला जागा उरत नाही आणि पोस्टग्रेस स्वतःच बंद पडतो. अशा वेळी घाबरून `pg_wal` मधल्या फायली हाताने पुसणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही डिस्क वाढवलीत हे फार बरं केलंत. फायली पुसल्या असत्यात तर आज आपण खुलाशाऐवजी बॅकअपवर बोलत असतो.

पुरावा जपला की हे करा:

```sql
SELECT pg_drop_replication_slot('स्लॉटचं_नाव');
CHECKPOINT;
```

नावाच्या जागी वरच्या यादीतलं खरं नाव टाका. चेकपॉइंट झाल्यावर जागा मोकळी झालेली दिसेल. ती दिसली की मगच "कारण काढून टाकलं आहे" असं लिहा. पोस्टग्रेस 13 पासून `max_slot_wal_keep_size` नावाची मर्यादा आहे. ती मुळात -1 असते, म्हणजे मर्यादाच नाही. तुमच्या डिस्कला ती 40 जीबी ठेवली तरी पुरेल. त्याची किंमत एवढीच की मागे पडलेला दुय्यम सर्व्हर त्यापुढे गेला तर पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. रिपोर्टचा सर्व्हर एक दिवस बंद राहणं आणि पहाटे पावती न निघणं यात काय सोसायचं, हे तुमच्या धंद्यात ठरलेलंच आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, कधी ठीक होईल. इथेच बहुतेक खुलासे घसरतात.

मीही घसरलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना, नाव नको, आम्ही एका सकाळी "30 मिनिटांत सुरळीत होईल" हे चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्यांदा फोन आले. चौथ्यांदा कोणी फोनसुद्धा केला नाही आणि आम्हाला वाटलं, चला, निवळलं. त्यांनी कागदावर काम सुरू केलं होतं, आणि नंतर सेवा चालू झाली तरी दोन दिवस कागदावरच राहिले. ती 30 मिनिटं कुठून आली होती? कोणी मोजली नव्हती. वरून विचारणा झाली आणि तोंडाला आलं ते सांगितलं.

मोजलेला अंदाजसुद्धा कसा हुकतो याचं जाहीर उदाहरण प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचं आहे. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप तपासले तर ते कधीपासून फसत होते, कारण बॅकअप काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस 9.2 चा आणि डेटाबेस 9.6 चा. फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर काम भागलं. ती प्रत ज्या डिस्कवर होती तिचा वेग सेकंदाला सुमारे 60 मेगाबिट. कागदावर गणित करा: सेकंदाला साडेसात एमबी, तासाला 27 जीबी, 300 जीबीला 11 तास. प्रत्यक्षात नकल व्हायला सुमारे 18 तास लागले. मोजलेल्या वेळेत दीडपट धरायची ही सवय मला तिथून लागली.

तुमच्याकडे मात्र दोन वेगळी कामं उरलीत आणि त्यांचा अंदाज एकत्र देता येत नाही. पहिलं काम यंत्राचं: सर्व्हर चालू आहे, जागा मोकळी झाली, संध्याकाळचं संकलन नेहमीसारखं होईल. हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. दुसरं काम माणसांचं: उरलेल्या केंद्रांनी मोबाइल नेटवर्कमध्ये आणून अ‍ॅप उघडलं पाहिजे, तेव्हा नोंदी वर येतील. हे तुमच्या हातात नाही. कोणी लग्नाला गेलं असेल, कोणाच्या गावात रेंज नसेल. इथे "लवकरच" लिहू नका आणि वेळही ठोकून देऊ नका. आकडा द्या. समजा या घडीला 340 पैकी 251 केंद्रांच्या सकाळच्या नोंदी आल्यात, तर तेच लिहा आणि पुढचा आकडा किती वाजता सांगणार ते लिहा. मग रात्री साडेआठ म्हटलं असेल तर रात्री साडेआठला तो आकडा दिलाच पाहिजे, जरी तो 251 वरून 252 च झाला असला तरी.

बिलाचा दिवस यातून ठरतो. तुमची वेळ वाईट आहे: 11 ते 20 च्या पाळीचा शेवटचा दिवस आणि बिल उद्या. उद्या सकाळी काढायचं ठरलं असेल तर मी ते संध्याकाळी सहावर नेईन आणि आजच जाहीर करेन. 89 केंद्रांच्या नोंदी उद्या दुपारपर्यंत येतील असं मोजून वाटत असेल, तरी मध्ये एक तपासणी आहे आणि ती यंत्रावर सोडता येणार नाही.

ती तपासणी दुहेरी नोंदींची. काही चालकांनी सकाळी अ‍ॅपमध्ये नोंद केली, पावती आली नाही म्हणून वहीत लिहिलं, आणि साडेनऊनंतर वहीतलं परत अ‍ॅपमध्ये भरलं. आता मोबाइलमध्ये थांबलेली पहिली नोंदही वर येईल आणि एकाच दुधाचे पैसे दोनदा लागतील. तुमच्या डेव्हलपरला वाटेल, सोपं आहे, एका उत्पादकाची एका पाळीत एकच नोंद ठेवू, बाकीच्या उडवू. तसं करू देऊ नका. घरात गाय आणि म्हैस दोन्ही असली की एकाच नावावर एका पाळीत दोन खऱ्या नोंदी असतात. दुधाचा प्रकार, लिटर, फॅट आणि एसएनएफ हे चारही तंतोतंत सारखे असतील तरच ती नोंद संशयित म्हणून बाजूला काढा, आणि उडवायची का ते केंद्रचालकाला विचारा. त्याच्यापुढे वही आहे.

नोंदी सगळ्या आल्या हे कसं ओळखायचं? सर्व्हरवरच्या नोंदी मोजून ते कळत नाही, कारण न आलेल्या नोंदीची सर्व्हरला खबरच नसते. ताळा बाहेरून घ्यायला हवा. प्रत्येक केंद्रातून सकाळी टँकरला किंवा शीतकरण केंद्राला किती लिटर दूध गेलं याची पावती असते. त्या केंद्राच्या नोंदींची बेरीज तिच्या जवळपास आली पाहिजे. नेहमीच्या दिवशी या दोन आकड्यांत किती फरक राहतो ते मागच्या आठवड्यावरून बघा. आज नोंदींची बेरीज पावतीपेक्षा नेहमीहून ठळकपणे कमी असेल तर त्या केंद्राच्या नोंदी अजून फोनमध्ये अडकल्यात, आणि ठळकपणे जास्त असेल तर दुहेरी झाल्यात. हा ताळा होईपर्यंत खुलाशात "एकही नोंद गेलेली नाही" हे वाक्य लिहू नका. आत्ता खरं वाक्य असं आहे: "नोंद गेल्याचं अजून एकाही केंद्रावर आढळलेलं नाही, तपासणी चालू आहे." दोन्हींत फरक फार नाही वाटत, पण एका केंद्राच्या जरी सहा नोंदी गायब निघाल्या तरी पहिलं वाक्य खोटं ठरतं आणि दुसरं टिकतं.

माफीबद्दल थोडंच. खोदलेल्या रस्त्याशेजारच्या पाटीवर "गैरसोयीबद्दल क्षमस्व" लिहिलेलं असतं ते वाचून कोणाचा राग गेल्याचं मी पाहिलं नाही, कारण गैरसोय कोणाची आणि काय हे त्या पाटीला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. ते लिहा: लोक पावतीविना परत गेले आणि बोलणी चालकाला खावी लागली. चूक कोणाची तेही एका वाक्यात लिहा आणि पुढे सरका. तीन परिच्छेद माफी मागणारा माणूस समोरच्याला आपलं सांत्वन करायला लावतो. क्लाउड कंपनीकडे बोट दाखवू नका, स्लॉट तुमचा होता. आणि ज्याच्या हातून तो राहिला त्याचं नाव किंवा "एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे" असलं काही नको. गिटलॅबने त्या घटनेची हकिकत छापली तेव्हा त्या इंजिनिअरचा उल्लेख "टीम-मेंबर-1" असा केला होता. मागे राहिलेला स्लॉट 27 दिवस कोणाला दिसला नाही आणि डिस्क भरत आल्याची घंटा वाजली नाही, हे एका माणसाचं काम नव्हे.

भरपाई म्हणून एका दिवसाचं शुल्क परत करण्याचा मोह होईल. महिन्याला काहीशे रुपये घेत असाल तर एका दिवसाचे दहा-वीस रुपये होतात, ते हातावर ठेवले की माणूस जास्त चिडतो. त्यापेक्षा उद्या दिवसभर दोन माणसं फक्त वही आणि अ‍ॅप जुळवून द्यायला फोनवर बसवा, आणि तसं खुलाशात लिहा.

मी तुमच्या जागी असतो तर चार वाजता हे पाठवलं असतं:

> 20 तारखेच्या सकाळी अ‍ॅप बंद होतं, त्याबद्दल
>
> आज पहाटे 5:50 ते सकाळी 9:25 आमचं सर्व्हर बंद होतं. त्या वेळेत पावत्या निघाल्या नाहीत आणि उत्पादकांना मेसेज गेले नाहीत. आता सर्व्हर चालू आहे. संध्याकाळचं संकलन नेहमीप्रमाणे करा.
>
> सकाळी अ‍ॅपमध्ये केलेल्या नोंदी तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल नेटवर्कमध्ये आणून अ‍ॅप एकदा उघडा, त्या आपोआप वर येतील. अ‍ॅप काढून टाकू नका, लॉगआउट करू नका, डेटा क्लिअर करू नका. सकाळची वही आठ दिवस जपून ठेवा. वहीतल्या नोंदी पुन्हा भरल्या असतील तर आम्हाला फक्त कळवा, स्वतः काही पुसू नका.
>
> दुपारी 3:30 पर्यंत 340 पैकी 251 केंद्रांच्या सकाळच्या नोंदी आल्या आहेत. नोंद गेल्याचं अजून एकाही केंद्रावर आढळलेलं नाही, तपासणी चालू आहे. पुढचा आकडा आज रात्री 8:30 ला कळवू.
>
> 11 ते 20 तारखेचं बिल उद्या सकाळऐवजी संध्याकाळी 6 ला निघेल. त्याआधी प्रत्येक केंद्राच्या नोंदी टँकरच्या लिटरशी जुळवून बघणार आहोत, म्हणजे कोणाचे पैसे कमी किंवा दोनदा लागणार नाहीत. ज्यांचा ताळा लागणार नाही त्यांना दुपारी 3 च्या आत फोन करू.
>
> कारण: महिन्याभरापूर्वी आम्ही रिपोर्टसाठीचा एक जादा सर्व्हर बंद केला. तो बंद झाल्याचं मुख्य सर्व्हरला कळवणारी एक पायरी आमच्याकडून राहिली. मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी माहिती साठवत राहिला आणि आज पहाटे जागा संपली. ती साठवण आज काढून टाकली आहे, अशा साठवणीला मर्यादा घातली आहे. जागा भरत आली की आधीच सूचना मिळेल अशी सोय 22 तारखेपर्यंत करत आहोत. बाहेरून कोणी घुसल्याचा हा प्रकार नाही.
>
> सकाळी दूध घालायला आलेली माणसं पावतीविना परत गेली आणि त्यांची बोलणी तुम्हाला खावी लागली. चूक आमची होती. आम्ही माफी मागतो. उद्या सकाळी 7 ते रात्री 9 आमची दोन माणसं फक्त नोंदी जुळवून द्यायला फोनवर असतील.

यात काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. कारण पाचव्या परिच्छेदात आहे, पहिल्यात नाही, कारण चार वाजता चालकाला आधी संध्याकाळची काळजी आहे. "काढून टाकली आहे" आणि "करत आहोत" हे वेगळे ठेवलेत. झालेलं आणि होणारं एका वाक्यात मिसळलं की होणारं झालेल्यासारखं वाचलं जातं. मर्यादा खरंच घातली नसेल तर ते वाक्य काढा. "बाहेरून कोणी घुसल्याचा प्रकार नाही" हेही तुम्ही वरचा हिशोब जुळवल्यानंतरच लिहायचं. हल्ल्याचा नुसता संशय असला तरी रस्ता वेगळा आहे: एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं. तसंच तुमच्याकडे उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आहेत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या भंगाच्या व्याख्येत अपघाताने डेटा नष्ट होणं आणि डेटापर्यंत पोहोचता न येणं हेही शब्द आहेत. त्यामुळे कायद्याच्या माणसाला ही हकिकत एकदा वाचायला द्या, पण त्यासाठी चार वाजताचा खुलासा अडवू नका.

खुलासा कुठे ठेवणार तेही बघा. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनची एस3 साठवण सेवा बंद पडली तेव्हा त्यांचं सेवांची स्थिती दाखवणारं पान त्याच साठवणीवर अवलंबून होतं. बंद असल्याचं दाखवणारं पानच बदलता येईना आणि त्यांना ट्विटरवर लिहावं लागलं. तुमचा खुलासा फक्त अ‍ॅपमध्ये दिसणार असेल तर ज्यांचं अ‍ॅप अडलंय त्यांनाच तो दिसणार नाही.

गिटलॅबने त्या रात्री आणखी एक गोष्ट केली: कामाच्या नोंदी जगाला वाचायला खुल्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं, आणि काय वाचलं, काय गेलं ते सांगितलं. कोड सुरक्षित होता. मधल्या तासांतले साधारण 5,000 प्रकल्प, 5,000 टिप्पण्या आणि 700 नवी खाती यांना फटका बसला होता. त्यांचे ग्राहक स्वतः प्रोग्रॅमर होते, त्यांना ते बघण्यात रसही होता. तुमच्या केंद्रचालकाला तुमचा टर्मिनल दाखवून काही उपयोग नाही. स्लॉट, लॉग, मर्यादा हे सगळं सविस्तर लिहायचं असेल तर बिल वाटून झाल्यावर, 24-25 तारखेला, वेगळं लिहा. ते तुमच्यासारखी अ‍ॅप चालवणारे आणखी लोक वाचतील. आजच्या खुलाशाला त्याचं ओझं नको.

आणि भागीदाराच्या भीतीबद्दल: काही गिऱ्हाइकं जातीलही. कारण वाचून कोणी जाईल असं मला वाटत नाही. पहाटेच्या साडेतीन तासांत फोन उचलला गेला नाही म्हणून जातील. सकाळी तुमच्या मदत क्रमांकावर किती फोन आले आणि किती उचलले गेले, तो आकडा काढा. न उचललेल्या नंबरांना आज रात्रीच परत फोन करा, आणि त्यांतले कोणते त्या 89 केंद्रांपैकी आहेत ते आधी बघून करा.